फी घेणारा सल्लागार की कमिशनवाले काका? नेमकं काय विचारायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बाबा जलसंपदा विभागातून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, रजा रोखीकरण, अंशराशीकरण आणि जीपीएफ मिळून 45 लाख हातात आलेत. पेन्शन सुरू आहे, सांगलीत स्वतःचं घर आहे, कर्ज नाही.

आता दोन माणसं समोर आहेत. एक म्हणजे बाबांचे जुने मित्र, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. म्युच्युअल फंडाचं वितरण आणि विम्याची एजन्सी दोन्ही त्यांच्याकडे आहे. अडीअडचणीला धावून येणारा माणूस. फी शून्य. त्यांनी सुचवलंय ते असं: 35 लाख एकरकमी शेअर आणि रोखे मिसळणाऱ्या बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंडात टाकायचे आणि त्यातून एसडब्ल्यूपीने दरमहा ठरलेली रक्कम काढायची, शिवाय वर्षाला 2 लाख हप्त्याची एक 'गॅरंटीड' पॉलिसी, 10 वर्षं हप्ते. बाकीचे बचत खात्यात.

दुसरा पुण्यातला सेबी नोंदणीकृत सल्लागार. काही विकत नाही, फक्त फी घेतो. वर्षाला 24,000 अधिक जीएसटी, म्हणजे 28,320. बाबा म्हणतात, "फुकट मिळतंय ते सोडून नुसत्या बोलण्याचे अठ्ठावीस हजार? वकील आहे का तो?"

कोण चांगला, कोण वाईट असं विचारत नाहीये. कोणाचा स्वार्थ कुठे आहे ते कळेल असे प्रश्न हवे आहेत. आणि काकांना दुखवायचं नाहीये, हेही खरं.

चहाबाज

फुकट ते पौष्टिक! तुमच्या बाबांना माझा पूर्ण पाठिंबा.

आकडेमोड

ताई, आधी बाबांचं 'फुकट' तपासू. पैसे फंडात आहेत तोवर वितरकाला मिळत राहणारं ट्रेल कमिशन फंड कंपनी देते, हे बरोबर. पण कंपनी ते वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनच्या खर्चातून देते आणि तो खर्च रोज थोडा थोडा एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या किमतीतून, वजा होत असतो. चेक फाडावा लागत नाही म्हणून जाणवत नाही, इतकंच. त्याच फंडाचा डायरेक्ट प्लॅन 1 जानेवारी 2013 पासून मिळतो, त्यात हे कमिशन नसतं.

फंडागणिक दर वेगळा असतो, पण हिशोबापुरता 0.8 टक्के धरा. 35 लाखांवर वर्षाला 28,000 रुपये. म्हणजे तुमच्या सल्लागाराची फी जीएसटीसकट जेवढी, जवळपास तेवढेच. फरक असा की फी ठरलेली आहे आणि ट्रेल रकमेबरोबर वाढतं. गंमत म्हणजे इथे कोणीच महाग नाही नि कोणीच फुकट नाही.

कोल्हापुरी_ठसका

डायरेक्ट-डायरेक्ट करून काही होत नाही भावा. डायरेक्टची एनएव्ही जास्त असते, त्यामुळे तेवढ्याच पैशात युनिट कमी मिळतात. बघ एकदा साइटवर जाऊन. एका हाताने दिलं नि दुसऱ्याने काढलं.

आकडेमोड

@कोल्हापुरी_ठसका, युनिट कमी मिळतात हे खरं, पण तोटा होत नाही. डायरेक्टची एनएव्ही जास्त का? कारण इतक्या वर्षांत तिच्यातून कमी कापलं गेलं. आज दोन्हीकडे एकेक लाख टाका, आज दोन्हीकडे एक लाखाचेच युनिट असतील. पाच वर्षांनी मोजा, डायरेक्टचे जास्त भरतील. युनिटची संख्या बघून काहीच कळत नाही.

कोल्हापुरी_ठसका

बरं. मग माझे जुने रेग्युलरचे सगळे आजच स्विच मारतो. नुसता प्लॅनच बदलायचाय.

सुमा_नाशिक

थांबा हो! स्विच म्हणजे विक्री करून पुन्हा खरेदी, असंच आयकर धरतो. इक्विटी फंड वर्षाच्या वर ठेवला असेल तर वर्षाला 1.25 लाखाच्या पुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर, आणि वर्षाच्या आत असेल तर बहुतेक फंडांत लवकर काढल्याचं शुल्क, म्हणजे एक्झिट लोडही बसतो. आमच्याकडे दर मार्चमध्ये थोडं थोडं हलवतो, सव्वा लाखाच्या आत बसेल एवढंच.

शेअरसम्राट

सल्लागारांचं काही सांगू नका. मी टेलिग्रामवर सेबी रजिस्टर्ड माणसाला महिना 3,000 देत होतो. टिपा सगळ्या आपटल्या. असे फी घेऊन पळतात. म्हणून माझं मत काकांना.

आकडेमोड

@शेअरसम्राट, त्याचा नोंदणी क्रमांक कशाने सुरू होतो ते बघा. `INH` असेल तर तो रिसर्च ॲनालिस्ट, शेअरबद्दल मत देणारा. तुमचं वय, कर्ज, पेन्शन त्याने विचारलेलं नसणार. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक `INA` ने सुरू होतो आणि फंड वितरकाचा `ARN` ने. तिघेही व्हिजिटिंग कार्डावर 'नोंदणीकृत' लिहितात. इथे प्रश्न `INA` आणि `ARN` मधला आहे. सेबीच्या आणि फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे ॲम्फीच्या साइटवर नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं.

वितरक_मी_पण

मी स्वतः एआरएनधारक आहे, सातारा जिल्ह्यात. त्यामुळे मला पक्षपाती समजूनच वाचा.

माझ्याकडे दोन-दोन हजारांच्या एसआयपी करणारे लोक आहेत. कोणाची एकूण गुंतवणूक 3 लाख, कोणाची 5. पाच लाखांवर मला वर्षाला 4,000 मिळतात. त्यात मी केवायसी अडकलं की धावतो, बँक बदलली की फॉर्म भरतो, नॉमिनी टाकून घेतो. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांचं निधन झालं. चार फंड कंपन्या, दोन ठिकाणी नॉमिनी नाही, एका फोलिओत नावाचं स्पेलिंग वेगळं. वहिनींच्या नावावर युनिट चढवून घेईपर्यंत मी त्यांच्याबरोबर तलाठ्यापासून बँकेपर्यंत हिंडलो. पुण्याचा फीवाला 5 लाखांच्या माणसाला 25,000 लावणार का? आणि त्या माणसाने ते द्यावेत का? देशात नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या घरात आहेत आणि आम्ही लाखाच्या वर. गावात कोण पोचतं ते तुम्हीच बघा.

आणखी एक. आता उचल कमिशन नाही. ऑक्टोबर 2018 पासून सेबीने फंडात आगाऊ कमिशन बंद केलं, फक्त ट्रेल. ग्राहक टिकला तर मी टिकतो.

लीड्सकर

वरच्याला दुजोरा. आमच्याकडे ब्रिटनमध्ये 2012 संपताना गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं कमिशन बंद झालं. सल्ला स्वच्छ झाला, पण थोडे पैसे असलेल्यांना सल्लागार दारात उभं करेनासे झाले. सासऱ्यांची पेन्शनची रक्कम लहान होती, तर दोघांनी फोनवरच "आम्ही एवढ्या रकमेचं काम घेत नाही" म्हटलं.

अंजली_ठाणे

@वितरक_मी_पण, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही फक्त फंडाचं बोललात. काकांच्या कागदावर पॉलिसीही आहे, तिथे उचल आहेच की.

आकडेमोड

अंजलीताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. फंड विकून काकांना वर्षाला 28,000 मिळतील, तेही दरमहा थोडे थोडे. पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर किती मिळतं ते कंपनीवर अवलंबून, पण पारंपरिक लांब मुदतीच्या पॉलिसीत 35 टक्क्यांपर्यंत देण्याची जुनी पद्धत होती. 2 लाखांवर 25 टक्के धरले तरी 50,000, पहिल्याच वर्षी. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण 58 वर्षांच्या, पेन्शन असलेल्या, अंगावर कोणाचा भार नसलेल्या माणसाला 68 व्या वर्षापर्यंत हप्ते भरायला लावणारी पॉलिसी कागदावर का आली, याचं एक उत्तर त्या पन्नास हजारांत आहे.

पण खरा हितसंबंध कागदावर जे लिहिलंय त्यात कमी दिसतो, जे लिहिलेलं नाही त्यात जास्त. ताई, काकांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं नाव काढलं का?

कृष्णाकाठची

नाही. मीच विचारलं होतं. ते म्हणाले, "ती साठीनंतर, अजून दोन वर्षं आहेत."

पोस्टमास्तर_निवृत्त

चूक. साफ चूक. 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्याला खातं उघडता येतं. अट एकच, निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं आणि त्या पैशांतूनच टाकायचे. आधी ही मुदत एक महिना होती, 2023 च्या अखेरीस तीन महिने केली. निवृत्तीचा आदेश आणि पैसे कधी, किती मिळाले त्याचा कार्यालयाचा दाखला लागेल. कमाल 30 लाख. माझ्या खिडकीवर लोक साडेतीन महिन्यांनी यायचे हो, काय सांगणार त्यांना!

आकडेमोड

मास्तर, दंडवत. हाच मुद्दा होता. 8.2 टक्क्यांनी 30 लाखांचे वर्षाला 2,46,000, तिमाहीला 61,500. व्याज करपात्र आहे. पण यात काकांना छदामही मिळत नाही आणि मुदत मात्र धावतेय.

म्हणून माझा पहिला प्रश्न दोघांनाही हाच असेल: "ज्यात तुम्हाला काहीच मिळत नाही, असं माझ्या वडिलांसाठी काय चांगलं आहे?" कर्ज असेल तर "आधी कर्ज फेडू का?" हा त्याचाच भाऊ. उत्तर पटकन आणि तपशिलात आलं, म्हणजे बचत योजना, मुदत ठेव, नुसता टर्म विमा, किंवा "सहा महिने काही करू नका", तर माणूस तुमच्या बाजूने विचार करतोय. "त्यात काय ठेवलंय, महागाई खाऊन टाकेल" असं आलं आणि पुढचं वाक्य पुन्हा त्यांच्याच फंडावर गेलं, तर समजून घ्या.

दुसरा प्रश्न रुपयांत विचारायचा. टक्के विचारले की "फार नाही, एक-पाऊण" असं उत्तर येतं. विचारा: "बाबांनी तुमचा हा कागद जसाच्या तसा मान्य केला तर पहिल्या वर्षी तुम्हाला किती रुपये मिळतील आणि पाचव्या वर्षी किती? व्हॉट्सॲपवर पाठवाल का?" सरळ माणूस आकडा सांगतो. "तुमच्या खिशातून काही जात नाही हो" हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

वितरक_मी_पण

हा प्रश्न मला आवडला, मी आकडा सांगतो. आणि नाही सांगितला तरी लपत नाही. वर्षातून दोनदा जे एकत्रित स्टेटमेंट येतं, मार्च आणि सप्टेंबरअखेरचं, त्यात प्रत्येक योजनेसमोर वितरकाला दिलेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं. 2016 पासून. लोक पहिल्या पानावरची एकूण रक्कम बघतात आणि मेल बंद करतात. फक्त खालची टीपही वाचा, ती रक्कम ढोबळ असते. त्यातून माझं पेट्रोल, पोरीचा पगार, दुकानाचं भाडं जायचं असतं.

पण 30 लाख एका जागी पाच वर्षं अडकवायला मी सांगणार नाही. पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो, रोजच्या खर्चाची चिंता नाही. मग वाढीसाठी फंड हवाच.

सुमा_नाशिक

आत्ता मेल उघडून बघितलं. सहा महिन्यांचे 6,140 रुपये! आणि आमचे 'सल्लागार' वर्षाला एक कॅलेंडर देतात. 😄

चहाबाज

कॅलेंडर नीट जपा, बारा हजारांचं आहे.

अंजली_ठाणे

फीवाल्यांना सूट देऊ नका आता. आमच्याकडे आलेला 'फी' घ्यायचा गुंतवणुकीच्या एक टक्का. मी विचारलं, "गृहकर्ज 20 लाखांनी कमी करू का?" तर त्याने चाळीस मिनिटं समजावलं की कर्ज किती स्वस्त असतं. वीस लाख बाहेर गेले असते तर त्याची वीस हजार फी गेली असती. पुढे कळलं की टर्म आणि हेल्थ पॉलिसी तो बायकोच्या एजन्सीतून काढून देतो.

आकडेमोड

म्हणूनच फीवाल्याला तीन गोष्टी वेगळ्या विचारायच्या. फी ठरलेली की टक्क्यांत? दोन्हीला परवानगी आहे, टक्क्यांत वर्षाला 2.5 पर्यंत, पण टक्केवाल्याला तुमचे पैसे बाहेर जाणं आवडत नाही. दुसरं, घरात कोणाकडे एआरएन किंवा विम्याची एजन्सी आहे का? सेबीच्या 2020 च्या बदलांनंतर सल्लागार व्यक्ती स्वतः वितरण करू शकत नाही आणि त्याच्या सल्ल्याच्या ग्राहकाला घरच्यांनीही वितरण करायचं नाही. तिसरं, फी रोख मागतो का? रोख घेताच येत नाही. करारावर सही होण्याआधी पैसे मागितले तर उठून या.

अंजली_ठाणे

पण बायकोची एजन्सी विम्याची होती, फंडाची नाही. तो म्हणाला, सेबीचा नियम गुंतवणुकीपुरता, विमा दुसऱ्या खात्याचा.

वितरक_मी_पण

टर्म आणि हेल्थ ही गुंतवणूक नाहीच, तो बरोबर बोलतोय.

आकडेमोड

मला ते पटत नाही. सल्लागाराने ग्राहकाशिवाय दुसऱ्या कोणाकडून मोबदला घ्यायचा नाही, हा गाभा आहे. बायकोच्या खात्यात गेला म्हणून तो घरात आला नाही का? नियमाच्या शब्दात बसवता येईलही, पण मी त्याच्याकडून विमा घेणार नाही.

लीड्सकर

यावर वेगळा धागा काढा राव, नाहीतर ताईंचं राहूनच जाईल.

कृष्णाकाठची

आले परत. शनिवारी सांगलीला गेले होते.

काकांना पहिला प्रश्न विचारला. थोडे थांबले आणि म्हणाले, "पोस्टातलं माझ्या डोक्यात नव्हतं गं, तिकडे मी जातच नाही." मला ते खरं वाटलं. ते फसवत नव्हते, त्यांच्या पोतडीत जे आहे त्यातूनच उत्तर शोधत होते. रुपयांचा प्रश्न विचारल्यावर फंडाचा आकडा लगेच सांगितला, तीस हजारांच्या आसपास. पॉलिसीचं विचारल्यावर आईकडे चहा मागितला.

पुण्याच्या सल्लागाराला फोनवर हेच विचारलं. त्याने पहिल्या दोन मिनिटांत बचत योजना आणि तीन महिन्यांची मुदत सांगितली. पैसे मिळून बाबांना सात आठवडे झालेत, त्यामुळे वेळ आहे. बाबा सोमवारी कार्यालयात दाखला आणायला जातायत. 30 लाख तिकडे.

आता नवीन घोळ. उरले 15 लाख. त्यातले तीन हाताशी ठेवायचे, बारा फंडात. मग बारा लाखांसाठी दरवर्षी 28,320 देण्यात काय अर्थ?

आकडेमोड

काही अर्थ नाही. 12 लाखांवर 0.8 टक्क्याने काकांना 9,600 मिळतील, ते स्वस्त आहेत. तुमच्या फीच्या आकड्याला बरोबरीची रेघ साधारण 35 लाखांवर येते. त्याच्या खाली दरवर्षीची फी जड. सल्लागाराला एकदाच आराखडा करून देण्याची फी विचारा, बरेच जण घेतात. बचत योजनेचा सल्ला त्याने फोनवर फुकट दिला, ही त्याची चूक म्हणायची. 😊

वितरक_मी_पण

बघा! शेवटी फिरून काकांकडेच आलात.

सुमा_नाशिक

किंवा डायरेक्टमध्ये स्वतः. बारा लाख, एक-दोन फंड, त्यात काय एवढं?

वितरक_मी_पण

बाजार वीस टक्के पडला की बाबा कोणाला फोन करणार? तुम्हाला?

सुमा_नाशिक

मुलीला. तशीही तीच धावतेय.

कृष्णाकाठची

काकांना फंडापुरतं ठेवावं असं बाबांचं म्हणणं आहे. माझं अजून ठरलेलं नाही. पण एक सांगायचं राहिलं. चहा मागितला तेव्हा आई म्हणाली, "अहो, त्या पॉलिसीचा हप्ता तर भरलाय ना आपण?" बाबांनी 2 लाखांचा चेक मला न सांगता आधीच दिला होता.

अंजली_ठाणे

अरे देवा.

आकडेमोड

घाबरू नका. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लूक असतो. तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा करून बाकी पैसे परत मिळतात. कारण लिहून कंपनीला थेट मेल करा आणि शाखेत अर्जावर पोच घ्या. काकांच्या हाती अर्ज देऊन विसंबू नका, पॉलिसी रद्द झाली की त्यांचं कमिशनही परत जातं. पॉलिसी कधी आली?

कृष्णाकाठची

कागद अजून आलेला नाही म्हणतात.

पोस्टमास्तर_निवृत्त

कागदाची वाट बघू नका. पीडीएफ मेलवर आली असेल तर दिवस तिथपासून मोजतात. बाबांचा मेल उघडा, स्पॅमसुद्धा.

कृष्णाकाठची

बाबांच्या मेलला पासवर्ड काकांनी लावून दिलाय. 🤦‍♀️ फोन करते.

चहाबाज

प्रश्न क्रमांक चार: मेलचा पासवर्ड कोणाकडे आहे?

कृष्णाकाठची

मिळाला. पीडीएफ 19 दिवसांपूर्वी आलीय. अर्ज आज रात्री लिहून उद्या सकाळी शाखेत. मसुदा इथे टाकते, कोणीतरी नजर टाका.